पानांचा खाडा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

नागपुरात जे शिकायला राहिले आहेत, किंवा ज्यांच्या घराशेजारी मुलांची खानावळ आहे, त्यांना 'खाडा' हा शब्द समजावून सांगायला नको. महिन्याचे पैसे भरले, चार दिवस गावी गेलो, तर त्या चार दिवसांचे जेवण पुढे धरायचे की नाही, यावरून खानावळीच्या काकूंशी कितीजणांचे वाद झाले असतील त्याची गणती नाही. काही ठिकाणी खाडा धरतात, काही ठिकाणी आधी सांगितलं तरच धरतात, आणि काही ठिकाणी भिंतीवर पाटीच असते की खाडा मिळणार नाही. आज मला बोलायचंय ते प्रिंटरच्या शाईबद्दल, पण ज्याला खानावळीचा हा हिशेब कळतो त्याला शाईच्या महिनेवारी योजनेचा हिशेब अर्धा कळलेलाच आहे.

घरचा प्रिंटर आपण ज्या पद्धतीने वापरत आलो ती सर्वांना ठाऊक आहे. प्रिंटर घ्यायचा, शाई संपली की सीताबर्डीवर जाऊन कार्ट्रिज आणायची, आणि किंमत ऐकून दुकानदाराकडे संशयाने बघायचं. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग, हे या धंद्याचं जुनं गणित आहे. त्याला दुसरा पर्याय म्हणून एचपी या कंपनीने २०१३ साली अमेरिकेत 'इन्स्टंट इंक' नावाची योजना आणली. त्यात शाई विकत घ्यायची नाही. महिन्याला ठरावीक पानं छापायचा हक्क विकत घ्यायचा. तेव्हाचे दर होते ५० पानांना २ डॉलर ९९ सेंट, १०० पानांना ४ डॉलर ९९ सेंट आणि ३०० पानांना ९ डॉलर ९९ सेंट. पुढे दर बदलत गेले, पानांचे टप्पे बदलले, पण रचना तीच राहिली. आपल्यापैकी ज्यांची मुलं अमेरिकेत किंवा युरोपात आहेत त्यांच्या घरी ही योजना पाहायला मिळते. मुलगा सांगतो, 'आई, आमच्याकडे शाई पोस्टाने घरी येते', आणि आईला वाटतं, काय सोय आहे!

सोय आहेच. प्रिंटर इंटरनेटला जोडलेला असतो. शाई उतरत आली की तो स्वतःच कंपनीला कळवतो आणि नवी कार्ट्रिज घरपोच येते. तिचे वेगळे पैसे नाहीत. पैसे फक्त पानांचे. पानावर एकच ओळ असली तरी ते एक पान, आणि पानभर फुलांचा रंगीत फोटो असला तरी तेही एक पान. कागदाच्या दोन्ही बाजूंना छापलं तर मात्र दोन पानं. त्याच मशीनवर आधारकार्डाची झेरॉक्स काढली तर तेही पान मोजलं जातं.

इथे थोडं थांबू. घरची शाई कुठे जाते, हे माहीत नसेल तर पुढचा हिशेब चुकतो. कार्ट्रिजच्या खोक्यावर अमुक पानं असा आकडा छापलेला असतो. तो खोटा नसतो. आयएसओने म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने ठरवून दिलेली नमुना पानं सलग छापत राहिलं, तर कार्ट्रिज किती टिकते याचा तो आकडा असतो. अडचण आहे ती 'सलग' या शब्दात. घरी कोण सलग छापतं? आज दोन पानं, मग आठ दिवस काही नाही, मग मुलाचा प्रकल्प. दरम्यान शाई सोडणारी बारीक छिद्रं कोरडी पडू नयेत म्हणून प्रिंटर चालू केला की तो थोडी शाई वाहून टाकतो. आणि आपलं नागपूर! मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात, हवेत ओलावा नाही, शाळांना सुटी, प्रिंटरवर कापड झाकलेलं. जूनमध्ये शाळेचा फॉर्म छापायला घेतला की पानावर आडव्या पांढऱ्या रेघा येतात. मग साफसफाईचं बटण दाबायचं, एकदा, दोनदा, तीनदा. त्या प्रत्येक साफसफाईत शाई जाते आणि पान एकही मिळत नाही. त्यामुळे खोक्यावर ४८० पानं लिहिलेली असतील तर घरी ४०० मिळाली तरी बरं म्हणायचं.

कार्ट्रिज आपण विकत घेतलेली असेल तर ही वाया गेलेली शाई आपली. महिनेवारी योजनेत ती कंपनीची. पानं मोजली जातात, शाई नाही. योजनेची ही बाजू जाहिरातीत फारशी सांगत नाहीत, पण कोरड्या हवेच्या गावात तीच सगळ्यात खरी आहे.

आता एक घर धरू. नवरा-बायको नोकरीला, दोन मुलं शाळेत. वर्षभर मोजून पाहिलं तर जूनमध्ये ७० पानं निघाली, जुलैत ४५, ऑगस्टमध्ये ४०. सप्टेंबरमध्ये परीक्षा, म्हणून ६०. मग ऑक्टोबरला ३५, दिवाळीच्या नोव्हेंबरमध्ये १५, डिसेंबरला ३०, जानेवारीत ४०. फेब्रुवारीत सराव-प्रश्नपत्रिकांचा पूर, ८५ पानं. मार्चमध्ये ६०, एप्रिलमध्ये १५ आणि मेमध्ये जेमतेम ५. बेरीज ५००, म्हणजे कागदाची बरोबर एक रिम. महिन्याची सरासरी ४२ पानांच्या आसपास येते.

हे आकडे कसे मिळवायचे? अनेक प्रिंटर आतापर्यंत किती पानं छापली याची नोंद ठेवतात. काही कंपन्यांच्या मशीनवर ती Printer Status Report नावाच्या पानावर छापून मिळते. दर महिन्याच्या एक तारखेला तो आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवायचा. तेवढंही नको असेल तर कागदाची नवी रिम फोडताना वेष्टनावर तारीख टाकायची. पुढची रिम फोडाल तेव्हा ५०० कागदांना किती महिने लागले ते कळेल. मात्र दोन्ही बाजूंना छापायची सवय असेल तर कागद आणि पानं एक नव्हेत, हे लक्षात ठेवा.

सरासरी ४२ म्हटल्यावर ५० पानांची योजना या घराला अंगाबरोबर बसते असं वाटेल. मोजून पाहू. दर रुपयांत सोपा धरतो. समजा ५० पानांची योजना महिना २५० रुपयांना आहे. जाहिरात सांगेल, पाच रुपयांत एक पान. वर्षाचे झाले ३,००० रुपये आणि हक्काची पानं ६००. पण या घराने छापली ५००, म्हणजे खरा दर पानाला सहा रुपये. शिवाय जून, सप्टेंबर, फेब्रुवारी आणि मार्च या चार महिन्यांत पन्नासची मर्यादा ओलांडली. तिथे जादा पानांचे वेगळे पैसे लागतात, आणि ते सुटे लागत नाहीत, गठ्ठ्याने लागतात. एचपीच्या सुरुवातीच्या ५० पानांच्या योजनेत १५ पानांचा गठ्ठा एक डॉलरला होता. एक्कावन्नावं पान छापलं की अख्खा गठ्ठा विकत घेतल्यासारखं.

इथे खाडा उपयोगी पडतो. न छापलेली पानं पुढच्या महिन्यात धरली जातात, पण त्यालाही कमाल मर्यादा असते. समजा ती मर्यादा ५० पानांची आहे. आपल्या घराने योजना जूनमध्ये सुरू केली, तर पहिल्याच महिन्यात ७० पानं लागतात आणि शिल्लक काहीच नाही, म्हणून दोन गठ्ठ्यांचा भुर्दंड बसतो. तीच योजना एप्रिलमध्ये सुरू केली, तर एप्रिलची ३५ आणि मेची ४५ पानं उरतात. मर्यादेमुळे त्यातली ५०च पुढे जातात आणि ३० वाया जातात. तरीही जूनची गरज भागते, सप्टेंबरची भागते, आणि फेब्रुवारीच्या ८५ पानांनाही आधीची साठलेली शिल्लक पुरते. वर्षभरात एकही गठ्ठा घ्यावा लागत नाही. पानं तीच, योजना तीच, फक्त सुरू करायचा महिना बदलला. शाळेचं घर असेल तर हे सुचवायला हवं, पण विकणारा सुचवणार नाही.

आता समोरासमोर ठेवू. बाजारात कार्ट्रिज ढोबळमानाने दोन तऱ्हेच्या मिळतात. स्वस्त प्रिंटरबरोबर येणारी लहान काळी कार्ट्रिज, खोक्यावर १२० पानं लिहिलेली, घरी मिळतात शंभर. ती ९०० रुपयांना धरली तर पानाला नऊ रुपये पडले. दुसरी मोठी, खोक्यावर ४८० पानं, घरी ४००. ती १,२०० रुपयांना धरली तर पानाला तीन रुपये. किमती तुमच्या दुकानातल्या वेगळ्या असतील, त्या घालून बघा. रीत तीच.

लहान कार्ट्रिजवाल्याचा हिशेब असा. योजनेचे ३,००० रुपये भागिले नऊ, म्हणजे वर्षाला सुमारे ३३३ पानं, महिन्याला २८. याहून जास्त छापत असाल तर योजना स्वस्त, कमी छापत असाल तर कार्ट्रिज स्वस्त. आपलं घर ४२ छापतं, म्हणून त्याला योजना परवडते. मोठ्या कार्ट्रिजवाल्याचा हिशेब आणखी सोपा आहे. योजनेतली सगळीच्या सगळी ६०० पानं वापरली तरी पान पाच रुपयांना पडतं. कार्ट्रिजचं पान तीन रुपयांना पडतंय. मग काळ्या मजकुराची कितीही पानं छापा, या योजनेने बरोबरी होतच नाही. दोन शेजारी, दोघांची पानं सारखीच, आणि एकाला योजना फायद्याची तर दुसऱ्याला तोट्याची. फरक फक्त प्रिंटर घेताना कोणती कार्ट्रिज बसते ते पाहिलं की नाही, एवढाच.

पण रंग आला की पारडं फिरतं. समजा ५०० पानांपैकी १०० रंगीत आहेत, तीही मुलांच्या प्रकल्पांची, चित्रांनी भरलेली. खोक्यावरचा १५० पानांचा आकडा अशा पानांसाठी नसतो. शाई तिप्पट लागते असं धरलं तर एका रंगीत कार्ट्रिजमध्ये ५० पानं निघतील. म्हणजे वर्षाला दोन रंगीत कार्ट्रिज, १,२०० रुपयांच्या, आणि काळ्या ४०० पानांना एक. एकूण ३,६०० रुपये. योजनेत ३,०००. इथे योजना जिंकली, कारण तिच्या लेखी रंगीत आणि काळं पान सारखंच. कंपनीचा नफा कमी छापणाऱ्यांवर आणि फक्त मजकूर छापणाऱ्यांवर चालतो. फोटो छापणाऱ्याचा खर्च त्यातून निघतो. खानावळीतही अर्धी पोळी खाऊन उठणाऱ्याच्या जिवावर सहा पोळ्या खाणारा जेवतोच की.

या दोघांच्या भांडणात तिसरा गडी विसरू नका. शाईच्या टाकीचे प्रिंटर आपल्या देशात २०११ पासून मिळतात. एप्सनने ते आधी आणले आणि मग कॅनन, एचपीही त्यात उतरले. बाटलीतून शाई ओतायची. एप्सनच्या ६५ मिलिलिटर काळ्या बाटलीवर ४,५०० पानांचा आकडा आहे. पानाचा खर्च पैशांत मोजावा लागतो. मग सगळ्यांनी तोच का घेऊ नये? कारण प्रिंटर महाग असतो, आणि शाई सोडणारा भाग, ज्याला हेड म्हणतात, तो त्या प्रिंटरमध्ये सहसा कायमचा बसवलेला असतो. अनेक कार्ट्रिजमध्ये हे हेड कार्ट्रिजलाच असतं, कोरडं पडलं तर कार्ट्रिज बदलली की काम झालं. टाकीच्या प्रिंटरमध्ये ते पूर्ण बुजलं तर दुरुस्तीचा खर्च मोठा येतो. दर आठवड्याला एक रंगीत पान छापण्याची शिस्त असेल तर टाकीसारखं स्वस्त काही नाही. सुटीत दोन महिने घर बंद करून पुण्या-मुंबईला जाणाऱ्यांनी मात्र विचार करावा. आणि ज्यांची महिन्याला दहा-पंधराच पानं होतात, त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानात पाच रुपयाला पान काढून घेणं या सगळ्यांपेक्षा स्वस्त पडतं. अशा घराने योजना घेतली, महिन्याला पंधरा पानं छापली, तर वर्षाची १८० पानं आणि पैसे ३,०००. पान पडलं सोळा-सतरा रुपयांना.

इथपर्यंत पानांचं झालं. पण योजनेचा खरा स्वभाव ती सोडताना कळतो.

इन्स्टंट इंक योजना केव्हाही बंद करता येते, त्यासाठी दंड नाही. हे ऐकायला चांगलं वाटतं आणि खरंही आहे. बंद केल्यावर चालू बिलाचा महिना संपेपर्यंत छापता येतं. मग कार्ट्रिज थांबते. तिच्यात निम्मी शाई असली तरी थांबते. ती शाई कधीच तुमची नव्हती, तुम्ही फक्त पानांचे पैसे देत होता. कार्ट्रिजमधली चिप आणि कंपनीचा सर्व्हर यांचं आपसांत बोलणं चालू असतं. सर्व्हरने 'हे खातं बंद' म्हटलं की प्रिंटर ती कार्ट्रिज स्वीकारत नाही. म्हणूनच या योजनेत प्रिंटर इंटरनेटला जोडलेला असणं ही अट असते. कार्डाची मुदत संपून पैसे गेले नाहीत, तरी असाच खोळंबा होतो. खाड्यात साठलेली पानंही बुडतात. आणि योजनेच्या कार्ट्रिज पुनर्वापरासाठी कंपनीच्या पाकिटातून परत पाठवायच्या असतात.

आपल्या घराने ही योजना मे महिन्याच्या अखेरीस बंद केली असं धरा. खाड्यात पूर्ण ५० पानं साठलेली आहेत, म्हणजे २५० रुपयांचा हक्क, तो गेला. जून उजाडला, शाळेचे फॉर्म छापायचे आहेत, तर काळी आणि रंगीत अशा दोन कार्ट्रिज आणायला २,४०० रुपये एकदम मोजावे लागले. हे २,४०० नुकसान नव्हेत, त्यात शाई आहे, ती पुढे वापरली जाईल. पण खिशातून एकदम जातात, आणि नेमक्या वह्या-पुस्तकांच्या महिन्यात. त्याऐवजी मार्चच्या अखेरीस सोडली असती तर खाड्यात पाचच पानं उरली होती, आणि पुढचे दोन महिने छापण्यासारखं काही नव्हतंच. एप्रिल-मेचे ५०० रुपयेही वाचले असते. सोडण्याचा महिनाही निवडावा लागतो तो असा. त्यातही बिलाचा महिना एक तारखेला सुरू होत नाही. तुम्ही १७ तारखेला नाव नोंदवलं असेल तर तो १७ पासून १६ पर्यंत असतो. बंद करायच्या आधी ही तारीख बघा, तेवढ्यात लागणारी पानं छापून घ्या, आणि विकतच्या कार्ट्रिज आधी घरात आणून ठेवा, पण मोहोर फोडू नका. फोडलेली कार्ट्रिज डबीत घालून ठेवली तरी नागपूरच्या उन्हाळ्यात तिचा भरवसा नाही.

'कायमचं' या शब्दाचाही भरवसा नसतो. इन्स्टंट इंकमध्ये महिन्याला १५ पानं फुकट अशी एक योजना होती, आणि प्रिंटर आहे तोवर ती फुकटच राहील अशी लोकांची समजूत होती. २०२० च्या अखेरीस कंपनीने त्यांना कळवलं की आता महिन्याला ९९ सेंट भरावे लागतील. रक्कम किरकोळ होती, ओरड मोठी झाली. महिनेवारी योजनेत दर आणि अटी बदलण्याचा हक्क कंपनी स्वतःकडे ठेवते, आणि ती ओळ आपण वाचत नाही. विकत घेतलेल्या कार्ट्रिजचा भाव घरात आणल्यावर बदलत नाही, हा जुन्या पद्धतीचा एक साधा गुण आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये याच कंपनीने अमेरिकेत आणखी एक पाऊल टाकलं. आता प्रिंटरही विकत घ्यायचा नाही, शाईसकट भाड्याने घ्यायचा. सगळ्यात लहान योजना होती महिना ६ डॉलर ९९ सेंट आणि पानं फक्त २०. इथे मात्र 'केव्हाही सोडा' नव्हतं. पहिल्या तीस दिवसांत सोडता येत होतं, नंतर दोन वर्षांचं बंधन. मध्येच सोडलं तर प्रिंटर आणि योजनेनुसार २७० डॉलरपर्यंत आकारणी. लहान योजनेचं दोन वर्षांचं भाडं १६८ डॉलरच्या आसपास होतं आणि पानं मिळत होती ४८०, म्हणजे पुन्हा जवळजवळ एक रिम. शेवटी प्रिंटर परत द्यायचा. पानांचा दर काढला की पस्तीस सेंट पडतो. प्रिंटर बिघडला तर बदलून मिळतो हे त्यात धरलं आहे, पण घरचा प्रिंटर दोन वर्षांत असा कितीदा बिघडतो?

आपल्याकडे हीच कल्पना वेगळ्या वेशात फार आधीपासून आहे. शिकवणी वर्ग, वकिलांची कार्यालयं, शाळा, या ठिकाणी मोठं झेरॉक्स मशीन भाड्याने आणलेलं असतं. टोनर आणि दुरुस्ती मशीनवाल्याची, कागद आपला. महिन्याला ठरावीक प्रतींचं किमान बिल, आणि त्यापुढे प्रत्येक प्रतीला इतके पैसे. समजा ४,००० प्रतींचं किमान बिल २,००० रुपये आहे. पन्नास पैशांत प्रत म्हणून वर्ग खूश. पण मे महिन्यात वर्ग बंद, प्रती निघाल्या ३००, आणि बिल तेच २,०००. इथे खाडा बहुधा नसतो, मागून घ्यावा लागतो. मागितला तर कधी कधी मिळतोही. किमान प्रती महिन्याच्या न धरता वर्षाच्या धरा, एवढं एकच वाक्य करारात घालून घेतलं की उन्हाळ्याचा प्रश्न मिटतो. मोठ्या आकाराच्या कागदाच्या दोन प्रती मोजतात का, कागद अडकून वाया गेलेल्या प्रतींचं काय, मीटरचा आकडा कोण लिहितो आणि त्यावर सही कोणाची, हेही विचारा. आणि सोडायचं असेल तर किती दिवस आधी लेखी कळवायचं, अनामत किती दिवसांत परत, हे शब्दांत लिहून घ्या.

पैसे आपोआप कापले जाणाऱ्या योजनेत आणखी एक घोटाळा होतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून किंवा यूपीआयवरून अशी आवर्ती रक्कम कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना यावी लागते, आणि ती परवानगी ग्राहकाला मागे घेता येते. त्यामुळे अनेकजण बँकेत जाऊन परवानगी बंद करतात आणि समजतात, योजना सुटली. सुटत नाही. बँकेने पैसे थांबवले, करार चालूच आहे, आणि थकबाकी चढते. आधी योजना बंद करायची, बंद झाल्याचा निरोप जपून ठेवायचा, आणि मग बँकेतली परवानगी काढायची. क्रम उलटा करू नये.

बंद करण्याचं बटणच सापडत नसेल, फोनवर थांबवून ठेवत असतील, तर त्यालाही नाव आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ग्राहकांना फसवणाऱ्या तेरा क्लृप्त्यांची यादी काढली, तिच्यात वर्गणीचा सापळा हा एक प्रकार आहे. सोडणं अशक्य किंवा अवघड करून ठेवणं त्यात मोडतं. तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. भरमसाट अनामत किंवा नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लावणारा करार असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात त्याला अनुचित करार म्हटलं आहे. मात्र ती तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगापुढे न्यावी लागते. राज्य आयोगाचं खंडपीठ नागपुरात आहे, त्यामुळे मुंबईची वारी नाही. व्यापारी कामासाठी घेतलेली सेवा या कायद्यात बसत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेला लहान वर्ग बसू शकतो, दहा शाखांचा वर्ग बसणार नाही.

परदेशातून परतणाऱ्या मुलांना एक निरोप द्या. प्रिंटर सामानात घालून आणायचा विचार असेल तर योजनेची कार्ट्रिज आत तशीच ठेवून आणू नका. खातं बंद झालं की ती इथे चालणार नाही. शिवाय बऱ्याच कंपन्या कार्ट्रिजवर प्रदेशाचं कुलूप घालतात, तिकडच्या प्रिंटरला इकडची कार्ट्रिज लागेलच असं नाही. त्याच नमुन्याची कार्ट्रिज सीताबर्डीवर मिळते का आणि ती चालते का, हे विमानाचं तिकीट काढण्याआधी विचारून घ्या. नसेल तर प्रिंटर तिथेच कुणाला देऊन टाकलेला बरा.